डाव्या कोपऱ्यातली पुट्टी

मामांनी गाडीची किल्ली दादाच्या हातात ठेवली आणि दादाने ती मुकाट्याने खिशात टाकली. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळं मी एक वेळ पचवलं असतं. हे मात्र अजून घशात अडकलेलं आहे.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं बॉडी शॉप आहे. ठोकलेल्या गाड्या येतात, दादा डेंटिंग-पेंटिंग बघतो आणि मी गाडीचे डोळे बघते. डोळे म्हणजे कॅमेरे आणि रडार. हल्लीच्या गाड्या स्वतःहून आजूबाजूला बघतात, धोका दिसला की चालकाला सांगतात. ठोकर बसली की हे डोळे तिरळे होतात आणि ते सरळ करणं माझं काम. मामा मला चिडवायचे, ‘डोळ्यांची डॉक्टरीणबाई’ म्हणायचे.

ही गाडी मामांना घ्यायला लावली तीही मीच. त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालेलं, मान वळत नाही. मागच्या बाजूने कोण येतंय हे वळून बघणं त्यांना जमत नाही. आणि मामींना आठवड्यातून तीन वेळा व्यायामाच्या उपचाराला न्यायचं असतं, दुसरं न्यायला कोणी नाही. मी म्हटलं, मामा, या गाडीत बाजूच्या आरशाच्या काचेवर छोटा दिवा आहे. बाजूच्या पट्ट्यात तुम्हाला न दिसणारं वाहन आलं की तो पेटतो. दिवा पेटलेला असताना वळायचं नाही, आणि नसला तरी आरसा बघायचाच. मामांनी हे मनावर घेतलं. मामा एकदा मनावर घेतात म्हणजे मग विचारायला नको.

पहिल्याच दिवशी गाडीभोवती फिरवून त्यांना सगळं दाखवलं होतं. पुढच्या काचेत वर, आरशामागे कॅमेरा, त्याच्यासमोर काही चिकटवायचं नाही. पुढच्या जाळीतल्या बोधचिन्हामागे लांबचं बघणारं रडार, त्यावर चिखल साचू द्यायचा नाही. मागचा कॅमेरा नंबरप्लेटच्या वर, तो पुसायचा. बंपरवर जी गोल बटणं दिसतात ती फक्त पार्किंगपुरती, हातभर अंतर मोजायला. आणि आरशातला दिवा ज्यांच्या जिवावर पेटतो ती दोन रडारं दिसतच नाहीत. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आत लपलेली असतात. रडारला प्लास्टिकच्या आरपार दिसतं, पण प्लास्टिक कंपनीने दिलेलं जसंच्या तसं पाहिजे.

मामा रोज सकाळी फडकं घेऊन हे सगळं पुसायचे. नातीने मागच्या कोपऱ्यावर चमचमती चांदणी चिकटवली तर तिला समजावून ती काढली. नात दोन दिवस फुगून बसली होती. मामा म्हणाले, फुगू दे, डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे.

आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी मागून डावीकडे धडक दिली. गाडी आमच्याकडेच आली, घरची गाडी जाणार कुठे? बंपर मी स्वतः उतरवला. डाव्या कोपऱ्यात, बरोबर रडारच्या समोर, वीतभर चीर होती. अशा जागी चीर भरून चालत नाही. वर पुट्टी चढली आणि त्यावर रंगाचे जाड थर बसले की रडारची लहर आत-बाहेर जाताना कमजोर पडते, वाकडीही होते. बंपरच बदलावा लागतो. माझी सवय आहे, अशी जागा दिसली की मी आतल्या बाजूने लाल मार्करने गोल करते आणि लिहिते. तेव्हाही लिहिलं, ‘इथे पुट्टी नको. बंपर बदला.’

दादाने नवा बंपर मागवला. आला तो मी डोळ्यांनी बघितला, खोक्यासकट. त्या दिवशी दादा म्हणाला की बंपर उद्या रंगवून बसवतो, तू आज रडार बघून घे, उद्या तुझी सुट्टी आहे ना. मी रडार धरून ठेवणारी पट्टी तपासली, कोन बघितला, स्कॅनर लावला. एकही दोष नाही. तपासणीच्या कार्डावर सही केली.

सही आधी आणि बंपर नंतर. खरं तर बंपर बसल्यावर पुन्हा बघायला हवं होतं, हे मी दहा जणांना शिकवलेलं आहे. पण बसवणारा दादा होता. सख्ख्या भावाचं काम मागाहून कोण तपासतं?

गेल्या आठवड्यात मामींना घेऊन जाताना मामांनी गाडी डावीकडच्या पट्ट्यात घेतली आणि एक मुलगी स्कूटरसकट आडवी झाली. तिचं मनगट मोडलं. मामींना काही झालं नाही, पण त्या दिवसापासून त्या गाडीत बसायला तयार नाहीत. मामा एकच सांगत होते, आरशात बघितलं तेव्हा कोणी नव्हतं आणि दिवा लागला नव्हता.

कोणी ऐकलं नाही. चार दिवसांपूर्वी सगळे मामांच्या घरी जमलो. त्यांच्या मुलीने वय काढलं, जावयाने डोळे तपासायचा विषय काढला. मामांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “मामा, दिवा लागला असेल. तुम्हाला दिसला नसेल.” कारण काम माझं होतं आणि माझ्या कामावर माझा विश्वास होता.

मामा उठले, खुंटीवरची किल्ली काढली आणि दादाच्या हातात ठेवली. गाडी विकून टाक म्हणाले. आपल्या हातून उद्या कोणी मरायला नको. दादाने मान खाली घातली. मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

गाडी शॉपवर आली. विकायच्या आधी एकदा बघू म्हणून काल सकाळी मी ती शॉपवर ठेवलेल्या जादा किल्लीने आत घेतली. मनात होतं की मामांची चूक सिद्ध करायची नाही, नुसती खात्री करायची. मागचे दोन्ही कोपरे पुसले. चिखल नाही, स्टिकर नाही. स्कॅनर लावला, तोच निर्मळ अहवाल. पण रडारच्या पोटात दोष नसला तरी त्याच्यासमोर काय वाढून ठेवलंय ते स्कॅनरला थोडंच कळतं. म्हणून मोजून ठरलेल्या जागी पत्र्याचा तिकोनी परावर्तक उभा केला आणि दोन्ही रडारं काय बघतात ते पडद्यावर आणलं. उजव्याने परावर्तक लगेच पकडला, अगदी जागच्या जागी. डाव्याला तो मधूनच दिसायचा, तोही भलत्याच ठिकाणी. ट्रक-बस यांच्यासारखं मोठं काही त्याला जाणवत असणार, म्हणून आठ महिने मामांना शंका आली नाही. स्कूटरएवढं बारीक काही मात्र निसटत होतं.

नखाने कोपऱ्यावर टकटक केलं. उजवीकडे पोकळ आवाज, डावीकडे ठस्स.

बंपर उतरवला. उलटा केला. आतल्या बाजूला माझा लाल गोल होता.

चिरेवर प्लास्टिक वितळवून सांधा मारलेला, त्यात माझी अक्षरं जळून गेलेली. ‘इथे पुट्टी नको’ पार गेलं होतं. ‘बंपर’ही गेला होता. उरलं होतं फक्त ‘बदला’. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मी तिथेच खाली बसले.

दादाला बोलावलं. तो आला, बंपर बघितला आणि दाराशीच थांबला. मी काही विचारायच्या आधी त्याने सांगायला सुरुवात केली. त्याच दिवशी एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, त्याच मॉडेलची गाडी, संध्याकाळपर्यंत हवी होती. तो बंपर त्यांना लावला. दुसरा यायला दोन महिने लागणार होते आणि मामांचं तर गाडीवाचून अडत होतं. मग सांधा मारला, पुट्टी भरली, रंग केला. नवा आला की बदलू असं ठरवलं होतं. नंतर राहूनच गेलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तू बसवू दिला नसतास.

मी विचारलं, मग त्या दिवशी? मामा किल्ली देत होते तेव्हा तुला माहीत होतं.

तो आत आला आणि स्कॅनरची वायर गुंडाळायला लागला.

“अगं, म्हटलं, मामा घरचेच आहेत,” तो म्हणाला. “घरचं माणूस सांभाळून घेतं.”

मला त्याला फाडून खावंसं वाटलं. बाहेरच्याला नवा बंपर आणि घरच्याला पुट्टी. बाहेरच्याशी खोटं बोलायची भीती आणि घरच्याला वेडं ठरवायची मुभा. लहानपणी याच मामांनी आम्हा दोघांना सायकल शिकवली होती, दादाची सीट धरून गल्लीभर धावले होते. मी एवढंच म्हटलं की किल्ली दे. त्याने खिशातून काढून दिली. तीन दिवस खिशातच घेऊन फिरत होता.

बंपर डिकीत मावत नव्हता. टेम्पोत टाकला आणि मामांकडे गेले. मामा बैठकीत मामींच्या गोळ्या डबीत भरत होते. मी बंपर त्यांच्यासमोर उलटा ठेवला आणि सगळं सांगितलं, दादाचंही आणि माझ्या आधी केलेल्या सहीचंही. काही लपवलं नाही. मामींनी तोंडाला पदर लावला. मामा खाली बसले. मान वळत नसल्यामुळे ते अख्खे कमरेतून वाकले आणि त्या लाल गोलावरून बोट फिरवत राहिले.

मला वाटलं, आता ते मोकळे होतील. म्हणतील, बघा, मी सांगत होतो. मी तर पोलिसांकडेही येते म्हणाले, त्या मुलीच्या घरीही येते, माझ्या तोंडाने सांगते. तुमची चूक नव्हती, मामा.

“म्हणजे दिवा लागलाच नव्हता,” मामा म्हणाले.

“नव्हता.”

“मग मी सांगत होतो तेव्हा तू का नाही म्हणालीस, की एकदा बघते?”

दादाने पुट्टी भरली होती हे खरं, पण तो प्रश्न दादाला नव्हता. तीन दिवस या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला होता, आणि तो मी माझ्या हाताने त्यांच्या पदरात घातला होता. मी किल्ली पुढे केली. मामांनी ती घेतली, खुंटीला लावली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, नवा बंपर मागवते, मी स्वतः बसवते, बसल्यावर दोनदा तपासते. तुमच्यासमोर.

“नको,” मामा म्हणाले. गोळ्यांची डबी त्यांनी पुन्हा जवळ ओढली. “पत्ता दे कुणाचा तरी. बाहेरच्या माणसाकडे नेतो.”