आप्पांच्या गॅलिसची लांबी

सोमनाथ शिंप्याने पंचवीस वर्षांत नवरदेवांच्या किती शेरवान्या शिवल्या याची गणती नाही, पण नवरीच्या बापाला गॅलिस, म्हणजे पॅंट खांद्यावरून तोलून धरणारा पट्टा, लावायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. गंगापूर रोडच्या त्या लॉनवर, वधूपक्षाच्या खोलीत, तो खंडेराव आप्पांच्या पाठीमागे गुडघ्यावर बसला होता आणि कापडी पट्टा ओढून ओढून त्याची बोटं लाल झाली होती.

"बसंल का, माउली?" आप्पांनी विचारलं. चांदवडकडचा गडी, सहा फूट उंच, तरुणपणी आखाड्यात घुमलेला. आवाज मात्र आज बारीक निघत होता.

"बसवतो, आप्पा. श्वास सोडा जरा."

"सोडलाय. आता आत घ्यायला जागा नाय!"

खोलीत हशा पिकला. विमलाबाई, आप्पांची मालकीण, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "चाळीस वर्षं म्या सांगितलं, पोट आत घ्या, तर ऐकलं नाय. आज लेकीनं घ्यायला लावलं बघा!"

गोष्ट लेकीचीच होती. तेजस्विनी पुण्याला कंपनीत. सकाळी अक्षता पडल्या त्या आप्पांच्या धोतर-फेट्यात, पण संध्याकाळच्या रिसेप्शनला दोन्हीकडच्या पुरुषांनी पांढरा शर्ट, गळ्याला बो टाय आणि गॅलिस घालायची, अशी तिची हौस. आप्पांनी एकदाच विचारलं होतं, "मी पण?" आणि ती म्हणाली होती, "तुम्ही पहिले, आप्पा." तेवढ्यावर हा माणूस उभ्या जन्मात पहिल्यांदा पॅंटीला तयार झाला. रिसेप्शन आटोपलं की गाडी थेट पुण्याला जाणार. म्हणजे लेकीला आशीर्वाद द्यायचा तो याच स्टेजवर, याच कपड्यांत.

आता यात चूक कुणाची? सोमनाथ मनाशी पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होता आणि दर वेळी बोट स्वतःकडेच वळत होतं.

माप घ्यायला आप्पा लासलगावच्या लिलावावरून तसेच दुकानात आले होते. सोमनाथ गळ्याला टेप लावायला गेला आणि थांबला. गळ्यात तुळशीची माळ. सोमनाथ स्वतः माळकरी. वीणेकऱ्याच्या शेजारी उभं राहून दोघांनी किती सप्ताह जागवले होते. त्या माळेवर टेप आवळायचा त्याला धीरच झाला नाही. "तुमचा जुना शर्ट पाठवा, त्याच्या कॉलरवरून घेतो," म्हणाला. शर्ट आला, कॉलर सतरा भरली. पण त्या शर्टाचं वरचं बटण आप्पांनी कधी लावलंच नव्हतं, हे कॉलर कशी सांगणार? आज शर्ट चढवल्यावर कळलं, गळा साडेअठरा. बोची पट्टी मागवलेली, तिची भोकं चौदापासून अठरापर्यंत. शेवटच्या भोकातही आकडा अर्धा इंच अलीकडेच राहत होता.

गॅलिसचं तर त्याहून वाईट. पॅंटीचं आसन त्याने आधी उंच धरलं होतं, कंबर थेट बेंबीपाशी यावी असं. आप्पांचं धड मूळचंच लांब. तरी उंच आसनाला पुढच्या पट्टीपासून खांद्यावरून मागच्या पट्टीपर्यंत चाळीस इंच भरत होते, आणि बेचाळीस इंचांपर्यंत सुटणारी गॅलिस पुष्कळ झाली असती. मग तेजस्विनीचा फोन आला. "काका, आप्पा पायजमासुद्धा पोटाखालीच बांधतात. बेंबीवर पॅंट घालणारच नाहीत. आसन कमी करा ना." सोमनाथने कारागिराला सांगून अडीच इंच कमी केलं. कंबर अडीच इंच खाली उतरली. पण ती पुढूनही उतरली आणि मागूनही. पट्ट्याची वाट पाच इंचांनी लांबली, पंचेचाळीसवर गेली, आणि गॅलिस बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ट्रायलला आप्पांनी यायचं, तर कांद्याचा लिलाव. कपडे आप्पांचा भाचा घेऊन गेला.

"काका, पाच मिनिटं!" दारातून रोहितने, आप्पांच्या मुलाने, डोकं आत घातलं. "अँकर नाव घेतोय."

सोमनाथने शिवणाची डबी उपसली. इलॅस्टिकचा एकच तुकडा सापडला, चार बोटांचा. गळ्याला लावू की पाठीला? त्याने आप्पांच्या तांबूस झालेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तुकडा गळ्याला दिला. माणसाला श्वास तर यायला हवा. कॉलरच्या बटणाला एक फास, बोच्या आकड्याला एक फास. बो बसला. माळ कॉलरच्या आत कशीबशी दबून राहिली.

"माळ काढून ठेवा की घडीभर," रोहित म्हणाला.

आप्पांनी बोटाने माळ कॉलरच्या आत आणखी खोल सारली.

राहिली गॅलिस. ताणून तीन इंच मिळाले, क्लिपा बसल्या, पण पट्टा वीणेच्या तारेसारखा खेचला गेला. पॅंट वर ओढली जाऊन आसनात रुतली. गॅलिसची पॅंट म्हणून कंबर सैल ठेवलेली, बेल्ट ओवायच्या लुपाही नाहीत. क्लिप सुटली की पॅंट खाली. सोमनाथने मागची कंबर आवळायला सुईत दोरा ओवला, पण तेवढ्यात बाहेर सनईची धून बदलली आणि विमलाबाईंनी आप्पांचा हात धरला. "चला, लेक उभी हाय."

"आप्पा," सोमनाथ मागून धावत म्हणाला, "एक ऐका. वाकू नका. वाकलात की पाठ लांबते, मागची क्लिप निघंल. ताठ उभे राहा."

"माउली सांगतो म्हणल्यावर," आप्पा म्हणाले, "वाकणार नाय."

लॉनवर दिव्यांचा लखलखाट होता. लोक म्हणाले, आप्पा काय रुबाबदार दिसतात! आणि दिसत होतेच. छाती पुढे, मान ताठ, एखादा जुना साहेब यावा तसे ते स्टेजच्या पायऱ्या चढले. तेजस्विनीने त्यांना बघितलं आणि तिचे डोळे भरले. ती पुढे आली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पायांवर वाकली. तिने डोकं अगदी पावलांना टेकवलं.

आप्पांचा हात पुढे आला.

खालून सोमनाथला दिसत होतं. सहा फूट माणसाचा ताठ उभा हात पावलांवर टेकलेल्या डोक्यापर्यंत पोचत नाही. चांगलं दोन विती खाली वाकावं लागतं. आप्पा वीतभर वाकले, मागचा पट्टा करकरला, आणि ते थबकले. हात अधांतरी राहिला. फोटोग्राफर ओरडला, "काका, डोक्यावर हात ठेवा!" बोटं गजऱ्याला जेमतेम लागली. तेजस्विनी वाकून होती. एक क्षण, दोन क्षण. डोक्यावर पडणारं ते वजन तिला लहानपणापासून ठाऊक होतं, त्याची ती वाट बघत होती. मग ती उठली.

"आप्पा, रागावलात का?"

"नाय गं," आप्पा म्हणाले. पुढचं सांगायच्या आत पाहुण्यांची लाईन स्टेजवर चढली. त्यांनी गर्दीत सोमनाथला शोधलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, आणि तेच सोमनाथला सोसेना.

सुई अजून त्याच्या हातात होती. दोन मिनिटं मिळाली असती तर तो तिथेच, त्या दिव्यांसमोर, पाठीमागे बसून कंबर आवळून मोकळा झाला असता. तो पायऱ्यांकडे गेला. व्यवस्थापनाचा माणूस आडवा आला. "काका, लाईनमधून या." लाईन फुलांच्या कमानीच्याही पलीकडे गेली होती. आहेराची पाकिटं घेतलेली, सेल्फी काढणारी, निवांत माणसं.

सोमनाथ शेवटी जाऊन उभा राहिला. स्टेजवर आप्पा एकेकाचा नमस्कार घेत होते, ताठ, नुसती मान हलवत. तेजस्विनी अधूनमधून वळून त्यांच्याकडे बघत होती. पुढच्या बाई मागे वळून म्हणाल्या, "वधूपित्याला केवढा गर्व चढलाय बघा, वाकायचं नाव नाही."

"तसं नाही हो ताई," सोमनाथ म्हणाला. "त्यांची गॅलिस..."

पण लाईन एक पाऊल सरकली आणि त्या बाई पुढे बघू लागल्या.