ओवीची तीट

“फोटो लय देखणा आला, तर परत काढ गं वहिनी,” नणंद संयोगिता फोनवर म्हणाली होती. ती मागच्याच वर्षी परदेशात जाऊन आलेली. मी हसले आणि विषय बदलला. दोन वर्षांच्या पोरीचा फोटो देखणा येणार नाही तर काय येणार?

खरं तर मी सगळ्याला घाबरते. ओवी शिंकली की थर्मामीटर शोधते. गॅस बंद केलाय की नाही ते जिन्यातून परत वर येऊन बघते. पण फोटोला मी घाबरले नव्हते. ओवीचे बाबा, ऋषिराज, जर्मनीत नोकरीला. आम्ही दोघींनी तिकडे जायचं ठरलं होतं. माझा पासपोर्ट होता, तिचा काढायचा होता. तो आल्याशिवाय तिच्या व्हिसाची तारीख घेता येत नव्हती, आणि दिवाळी तिघांनी एकत्र करायची असं मी ऋषिराजला शब्द देऊन बसले होते.

पासपोर्टच्या कचेरीत मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांच्या आतल्या मुलांचा मात्र आपण न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. म्हणून आम्ही कराडात चिंतामणभाऊंच्या स्टुडिओत गेलो. आमच्या लग्नाचे फोटो त्यांचेच. ओवी त्यांच्या निळ्या पडद्यासमोर बसली, लाळ गाळली, एकदा रडली, एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. संध्याकाळी सासरे पाकीट घेऊन आले. फोटो बघून घरात सगळे म्हणाले, अगदी बाहुली!

बाहुलीच होती ती. ते मला साताऱ्यात कळलं.

साताऱ्याच्या केंद्रात खिडकीमागच्या बाईंनी फोटो हातात घेतला, मग ओवीकडे बघितलं, मग परत फोटोकडे.

“हिची तीट पुसून फोटो काढलाय का?”

“तीट नाहीये मॅडम ती. जन्मखूण आहे.”

ओवीच्या डाव्या भुवईच्या वर काळपट गोल डाग आहे, मसुराएवढा. दवाखान्यातल्या नर्सनंही पहिल्या दिवशी ओल्या कापसानं तो घासून बघितला होता. सासूबाई म्हणतात, “माझ्या नातीला देवानंच तीट लावून धाडलीय, मला काजळ घालायचं काम न्हाई.”

“मग फोटोत कुठंय?”

मी फोटो जवळ घेतला. कपाळ कोरं, गुळगुळीत. डाग गेलेला, आणि पाठोपाठ मला एकेक दिसायला लागलं. रंग उजळलेला. हनुवटीवरची लाळ गेलेली. निळ्या पडद्याच्या जागी पांढरं, पण कानामागची भुरभुरणारी जावळं पडद्याबरोबरच कापली गेलेली. डोळेही जरा मोठे वाटत होते. आपल्याच लेकराच्या फोटोत मी एवढं कसं बघितलं नाही?

“हा चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “चारच्या आत नवा आणलात तर आजच घेते. नाहीतर परत तारीख घ्या.”

सासरे, आकाराम भोसले, सैन्यातून निवृत्त. ते पुढं झाले. “आवं बाई, पोरगी समोर हाय की! डाग काय पळून गेलाय व्हय?”

“आजोबा, विमानतळावरचा माणूस काय ओळखतो हिला? तो फोटो बघणार आणि चेहरा बघणार.”

वेळ नव्हता, तरी मला राहवेना. “मॅडम, मग नेमकं काय चालतं? लाळ पुसलेली चालते?”

“रुमालानं पुसा की.”

“आणि तीट असती तर?”

“तीही पुसायची. कापसानं, फोटो काढायच्या आधी. नंतर माऊसनं नाही.” त्या हसल्या. “मापात कापायचा, सरळ करायचा, तेवढं ठीक. चेहऱ्याला हात नाही. तीळ, व्रण, रंग, सगळं जसंच्या तसं. मागचं पांढरंसुद्धा खरं असू दे, चादर का असेना.”

बाहेर आलो तर ओवी खांद्यावर झोपलेली.

“आता गं?” सासरे म्हणाले.

डोळे मिटलेला फोटो घेणार नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. जवळच एक स्टुडिओ सापडला. तिथल्या मुलीनं, अंकितानं, स्टुलावर आणि मागच्या भिंतीवर पांढरी चादर टाकली. मी ओवीचे पाय चोळले, तोंडावरून ओला हात फिरवला. ती जागी झाली ती भोकाड पसरूनच. मी मांडीवर धरायला गेले तर अंकिता म्हणाली, “ताई, तुमचा हात दिसला तर हाही फोटो वाया जाईल.”

मी बाजूला झाले. हात सुटेना, पण झाले. शेवटी सासरे कॅमेऱ्याच्या मागं उभे राहिले, छाती काढली आणि परेडच्या आवाजात ओरडले, “सावधान!”

ओवीनं तोंड मिटलं आणि टक लावून बघितलं. क्लिक.

“रंग जरा उजळू का?” अंकितानं सवयीनं विचारलं.

“नको!” आम्ही दोघं एकदमच म्हणालो. ती दचकलीच.

नव्या फोटोत ओवी रागावलेली होती. गाल लाल, केस विस्कटलेले, भुवईवर मसूर. खिडकीतल्या बाईंनी फोटो धरला, ओवीला बघितलं आणि म्हणाल्या, “आता हीच आहे.” अर्ज पुढं गेला. मला रडू आलं, ते मी जांभईत लपवलं.

परत येताना आम्ही कराडात चिंतामणभाऊंकडे थांबलो. भांडायला नाही. मला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

“वैनी, मला वाटलं तीट हाय!” त्यांनी कपाळाला हात लावला. “लोक तीट लावून आणत्यात आणि मग म्हणत्यात, भाऊ काढून टाका. मी न विचारताच काढतो आता.”

“आणि गोरी का केली?”

“ती सवय. लग्नाच्या फोटोची.”

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला, आपण कुणाकुणाला काय केलं ते दाखवायला. त्यांनाही आता उत्सुकता लागली होती. दोन चित्रं शेजारीशेजारी उघडली. डावीकडे सत्तरीच्या एक बाई, उजव्या गालावर खुरप्याचा जुना लांब व्रण. उजवीकडे त्याच बाई, व्रण नाही, सुरकुत्या नाहीत, पन्नाशीच्या.

“या बनुबाई पाटील. शिराळ्याच्या. लेक जर्मनीत बाळंत होणार हाय, तिच्याकडं चालल्यात. व्हिसाचा फोटो. लय खूश झाल्या, म्हणाल्या, माझं लग्नातलं तोंड परत दिलंस.”

“भाऊ, हा फोटो त्यांना चालणार नाही,” मी म्हणाले.

भाऊंनी लगेच फोन लावला. नंबर पुतण्याचा होता, बंद. परत लावला. बंद. मूळ फोटोतून व्रणासकट नवे फोटो त्यांनी तिथल्या तिथे छापले. या फोटोला मागं खरा पांढरा पडदा होता, एवढं नशीब. पण ते पोचवायचे कुणाकडे? गावात घर कुठं ते भाऊंना ठाऊक नाही. बनुबाईंना कमी ऐकू येतं, एवढंच त्यांना आठवत होतं. व्हिसा केंद्रात त्यांना कुणी व्रणाबद्दल विचारलं, तर त्या काय ऐकतील आणि काय सांगतील?

पुण्याच्या व्हिसा केंद्रावर त्यांना येत्या सोमवारी जायचंय. म्हणून मी हे लिहितेय. तुम्ही शिराळ्याचे असाल, किंवा तिकडं तुमचं कुणी असेल, तर बनुबाई पाटलांच्या घरी एकदा जाऊन या. खरे फोटो कराडात चिंतामणभाऊंकडे तयार आहेत. गालावर व्रण आहे, त्यावरून ओळखाल. जरा मोठ्यानं बोला, आणि त्यांच्याकडच्या पाकिटातला फोटो त्यांच्या गालाशेजारी धरून बघा.