सोम-गुरु, वरची वाडी

कागदावर ‘सोबत’ संस्थेकडे बेचाळीस स्वयंसेवक होते. खरोखर घरातून निघून कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहणारे अकरा. उरलेल्या एकतीस जणांनी कधीतरी, कुठल्या तरी कॉलेजच्या शिबिरात, चहा-बिस्किटं खाऊन नाव लिहून दिलं होतं आणि ती नावं छायाने देवापुढच्या पत्रिकेसारखी जपून ठेवली होती. देणगी देणाऱ्यांना आकडा लागतो. आकडा मोठा असला की त्यांना बरं वाटतं, आणि त्यांना बरं वाटलं की छायाचा आणि धनाजीचा पगार होतो. संस्थेत पगारी माणसं दोनच होती, ही आणि तो. वेल्ह्याच्या बाजारात किराणा दुकानावरची एक खोली, एक कपाट, एक जुनी जीप, आणि तालुक्यातले एकटे राहणारे सत्तावीस म्हातारे-म्हाताऱ्या.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येकाकडे आठवड्यातून दोनदा कुणीतरी जायचं. पाणी भरायचं, औषधाची डबी बघायची, दोन शब्द बोलायचे. गेलेल्याने ग्रुपवर ‘पोचले’ असं लिहायचं. संध्याकाळी सहापर्यंत ‘पोचले’ आलं नाही तर छायाने फोन करायचा. हा नियम तिनेच केलेला, आणि शिबिरात छाती पुढे काढून सांगितलेलाही तिनेच.

शनिवारी सकाळी ती पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लावायला बसली. आधी मागच्या आठवड्याच्या नावांपुढे खुणा करायच्या, अशी तिची पद्धत. करत करत ती पालीच्या वरच्या वाडीवर आली. अक्काबाई. सोमवार, वैष्णवी. गुरुवार, वैष्णवी. दोन्ही चौकोन कोरे.

राहिलं असेल लिहायचं, असं म्हणून तिने ग्रुप वर सरकवला. बुध, मंगळ, सोम. वैष्णवीचं ‘पोचले’ कुठेच नव्हतं. शेवटचं होतं ते त्याच्या आधीच्या गुरुवारचं. छायाने बोटावर मोजलं. नऊ दिवस. पुन्हा मोजलं, तरी नऊच.



अक्काबाईचं दिवाळीत खुब्याचं हाड बसवलं होतं. काठी धरून ती चुलीपासून दारापर्यंत जायची, पण नळ पस्तीस पायऱ्या खाली. वाडीत घरं चार, त्यातली दोन फक्त जत्रेला उघडायची, आणि शेजारचं जोडपं लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेलं. म्हातारीचं पाणी म्हणजे वैष्णवीने भरलेलं पिंप आणि दोन कळश्या. तेवढं चार दिवस पुरायचं, काटकसरीने पाच. एप्रिल चालू होता आणि नऊ दिवस झाले होते.

आणि छाया या आठवड्यात काय करत होती? अहवाल लिहीत होती. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ती ‘पोचले’ बघत नव्हती; ‘अक्काबाईंसारख्या एकाकी वृद्धांना नियमित आधार’ असं वाक्य तिसऱ्यांदा सुधारत होती. गुरुवारी फोटो चिकटवत होती. फोटोसुद्धा अक्काबाईचाच.

तिने अक्काबाईला फोन लावला. बंद. वैष्णवीला लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. धनाजी जीप घेऊन भोरला गेला होता, त्याला सांगितलं, “असशील तिथून निघ, सरळ पाली,” आणि तो “काय झालं?” म्हणेपर्यंत तिने स्कूटी सुरू केलीसुद्धा.

रस्ताभर ती स्वतःची समजूत घालत होती. वैष्णवी गेली असेल, मोबाईलला रेंज नसेल. ती पोरगी कधी चुकत नाही. दोन वर्षांत एकदा ‘नाही’ म्हणाली नाही. नाहीच म्हणत नाही म्हणून तर पालीचं काम तिचं, साखरचं तिचं, कुणी ऐनवेळी गळालं की त्याचंही तिचंच. “ताई, वाडीला एकटीला जायला भ्या वाटतं, जोडीला कुणी द्या ना,” असं तिने दोनदा म्हटलं होतं. छाया म्हणाली होती, बघू. नंतर बघायचं राहून गेलं.

वैष्णवीचं घर मार्गासनीत, वाटेवरच. तिची आई बाळाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

“वैष्णवी कुठाय?” छायाने स्कूटीवरूनच विचारलं.

“वैशू? ती गेली की चाकणला. कंपनीत लागली. उद्या आठ दिस व्हत्यात.”

“गेली? आणि मला सांगितलं नाही?”

बाळाबाईचं सूप थांबलं. “असं कसं? सांगितलं की तुमास्नी. माज्यासमोर मेसेज टाकला. ‘ताई, येते मी’ म्हनून. तुमी अंगठा बी पाठवला. लई खूश झाली व्हती, म्हनली, ताई रागावल्या न्हाईत.”

छायाने मोबाईल काढला. घाईत दोनदा चुकीचंच काहीतरी उघडलं. मग सापडलं. मागच्या शुक्रवारी तिने ग्रुपवर विचारलं होतं, ‘पाली वरची वाडी, सोम-गुरु, कोण येतंय?’ आणि दहा मिनिटांनी वैष्णवीचा तिला एकटीला वेगळा मेसेज, ‘ताई, येते मी.’ पुढे जोडलेले हात. छायाने ते वाचलं, सुटले बाबा म्हटलं, दोन्ही चौकोनांत नाव लिहिलं आणि अंगठा पाठवला. जोडलेले हात कशाला, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

“पण ‘जाते’ म्हणायचं ना सरळ!” ती जवळजवळ ओरडली.

“अवो, जाते कसं म्हनंल पोरगी?” बाळाबाई चकित होऊन म्हणाली. “घरातनं निगताना जाते म्हनत्यात व्हय कुनी?”

 छायाही रोज सकाळी सासूला ‘येते’ म्हणूनच बाहेर पडत होती.

मार्गासनीपासून पुढचा रस्ता तिला कधी एवढा लांब वाटला नव्हता. राजगडावर निघालेली मुंबई-पुण्याची पोरं गाड्या मध्येच थांबवून फोटो काढत होती, ती हॉर्नवरचा अंगठा न काढता त्यांच्यातून निघाली. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. मुलाला काय सांगायचं? अक्काबाईचा मुलगा बंडू हडपसरला असायचा. आईला घेऊन जातो म्हणाला होता, तेव्हा छायानेच त्याला सांगितलं होतं, “आमची माणसं आहेत, तुम्ही निर्धास्त राहा.” तो बिचारा निर्धास्त राहिला होता.

पालीच्या वर स्कूटी जाईना. ती टाकून छाया चढायला लागली. पस्तीस पायऱ्या, नळापासून वर. नळाखाली कोरडं होतं. वाडीत चिटपाखरू नव्हतं. अक्काबाईचं दार लोटलेलं, अंगणात आठवड्याचा पाचोळा, त्यावर कुणाचं पाऊल नाही.

“अक्का!”

उत्तर आलं नाही. छाया दारापाशी उभी राहिली. दार ढकलायची हिंमतच होईना. आत काय असेल ते असेल, पण दार ढकलेपर्यंत ते घडलेलं नव्हतं. तिला लाज वाटते हे पुढे सांगताना, पण ती तशीच उभी राहिली, चांगलं मिनिटभर. मग आत काहीतरी खरवडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि तिने दार ढकललं.

अक्काबाई भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. हातात वाटी. पुढ्यात पिंप आडवं केलेलं, आणि त्या वाटीने ती तळाचा ओलावा खरवडत होती.

“आज सोमवार हाय का गुरुवार?” तिने विचारलं. आवाज फाटक्या कापडासारखा येत होता.

छायाने तिला मांडीवर घेतलं, बाटलीतलं पाणी बुचाबुचाने ओठांना लावलं. एकदम द्यायचं नाही हे तिला माहीत होतं. स्वयंसेवकांना तीच शिकवायची. दुसऱ्या हाताने १०८ लावला. पत्ता सांगताना तिला वरच्या वाडीचं नाव दोनदा आठवेना.

“अक्का, फोन का नाही केला कुणाला?”

“त्यो वैशूच चारजिंगला लावती,” अक्काबाई म्हणाली. आणखी एक बूच पाणी घेऊन, “सोमवारी न्हाई आली, म्हनलं गुरुवारी यील. गुरुवारी न्हाई आली, म्हनलं पोरीला काम निगालं आसंल, सोमवारी यील. तुमची मानसं येत्यात, म्या बंडूला सांगितलंया. तवा घोटघोट पुरवलं.”

म्हातारीने आरडाओरड केली नव्हती, पायऱ्या उतरायचा प्रयत्न केला नव्हता. तिने छायाच्या शब्दावर विश्वास ठेवून पाणी वाट्यांत वाटून घेतलं होतं. छायाला त्या क्षणी शिव्या परवडल्या असत्या.

धनाजी पोचला, ॲम्ब्युलन्सवाले पोचले, चौघांनी तिला चादरीतून खाली आणलं. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, “वाचल्या. उद्यावर गेलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो.” बंडूला छायाने स्वतः फोन केला आणि चूक माझी आहे असं स्पष्ट सांगितलं. तो ‘निघतो’ एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपार कलली. दवाखान्याच्या बाकावर बसून छायाने उरलेल्या सव्वीस घरांना फोन लावले. सगळीकडे कुणी ना कुणी बोललं, पण तिचा जीव काही भांड्यात पडेना. प्रत्येक वेळी घंटा वाजायला लागली की तिला तेच लोटलेलं दार दिसायचं. मग ती कागद घेऊन बसली. अकरा नावं, वैष्णवी गेली म्हणजे आता दहाच. कुणाकडे किती घरं, कोण किती दिवसांत दमेल, कोण आधीच ‘येते’ म्हणून मोकळी झालीय आणि आपल्याला पत्ता नाही. तिच्या लक्षात आलं की यातल्या एकाचंही तिला काही माहीत नाही. कोण शिकतं, कुणाच्या घरी काय, कुणाला कशाची भीती वाटते. माहीत होतं ते एवढंच, की कोण ‘नाही’ म्हणत नाही.

पावणेसहाला मोबाईल वाजला. वैष्णवी. शिफ्ट सुटली असणार. कंपनीत मोबाईल लॉकरमध्ये ठेवतात. सकाळपासून छायाचे नऊ मिसकॉल होते.

“ताई, कुठली पाळी अडलीय?” पोरगी दम लागल्यासारखी बोलत होती. “उद्या सुट्टी हाय माजी. सांगा, म्या पहिल्या एसटीनं निगते.”

तिने विचारलेलंही नव्हतं कशाला फोन केला ते.  हिला आत्ता सांगायचं नाही, छायाने ठरवलं. हिची यात काही चूक नाही. हिला जन्मभर टोचत राहील.

“पाळी नाही गं,” ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. “सहज केला. तू कशी आहेस? काम कसं आहे? राहायला बरी जागा मिळाली का?”

पलीकडे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं, पोरी हसत होत्या. मग वैष्णवी बोलली, पण आवाज बदललेला, लहान झालेला.

“ताई, तुमी कवा असा फोन करत न्हाई.”

“अगं, म्हणूनच तर…”

“ताई,” ती रडायलाच लागली, “खरं सांगा. अक्का गेल्या व्हय?”