लुगड्याचं फडकं

कंडक्टर शालिग्राम तोंडाचा फटकळ. जळगाव जामोदच्या स्टँडवर गाडी लागली की तो जेवायला थेट अन्नपूर्णाबाईच्या खानावळीत. त्या दुपारी त्यानं पाण्याचा गिलास नाकाशी नेला अन् तसाच खाली ठेवला.

"वयनी, गिलासाले ओशट वास येऊन राह्यला. पाणी पिऊ का नाकाले चिमटा लावू?"

बाकावरचे सगळे खिदळले. दोघं ताट अर्धवट टाकून उठले. अन्नपूर्णा तडक मोरीवर आली अन् सुनेवर घसरली.

"काजल, गिलास घासतं का नुसतेच भिजवतं वं?"

काजलनं धुतलेला गिलास पुढं केला. "हुंगा, आत्याबाई."

वास नव्हता.

"आता तुमच्या फडक्यानं पुसा."

अन्नपूर्णानं पुसला, हुंगला. अंड्याच्या कढईसारखी घाण मारली.

"घासणी मी पंधरवड्यात बदलते, वास आला त त्याच्याही आधी. पण हे फडकं बारोमास नळावर ओलं लोंबते. त्यानंच हात, त्यानंच ओटा अन् त्यानंच गिलास."

"माह्या मायचं लुगडं हाय ते. एवढाच तुकडा उरला."

काजलच्या मनात आलं: मेलेल्याची चिंधी जिवंतांच्या ताटावर फिरवायची अन् त्याला माया म्हणायचं! पण हे सासूला तोंडावर सांगणार कोण?

सांगायची गरज पडली नाही. अन्नपूर्णाला मायची मोरी आठवली. कुंपणावर वाळलेली गिलकी, म्हणजे घोसाळी. माय ती सोलायची, आपटून बिया झाडायची, घासणीसाठी जाळीचे तुकडे पाडायची. तुकडा मऊ, काळपट झाला की चुलीत. कुंपणावर दुसरं गिलकं असायचंच. फडकी रोज सोड्याच्या पाण्यात रटरट उकळायची, मग दोरीवर कडक उन्हात. लहानग्या अन्नपूर्णानं एकदा ओल्या फडक्यानं ताट पुसलं, तर मायनं ते ताट पुन्हा घासायला लावलं होतं. "वाळलं नाई ते फडकं नाई, घाण हाय," म्हणायची. अन् उकळूनही वास जाईना, की त्याचं भुई पुसायचं पोतेरं.

त्या मोरीला राखेचा अन् उन्हाचा वास असायचा. अन्नपूर्णाला तो आत्ता, इथं, हवा होता.

"उकळून पेटीत ठेवा," काजल हळूच म्हणाली.

अन्नपूर्णानं फडकं उकळलं, पिळलं, हुंगलं. वास तसाच. मग ती आत गेली, आपलं चांगलं सुती पातळ आणलं अन् दातानं काठ तोडून टराटरा फाडलं.

"हे हाताले. हे ओट्याले. हे फक्त भांड्याले. सांजच्याले सगळे उकळजो."

अन् मायचं फडकं?

शालिग्राम हात धुऊन निघाला, तेव्हा ती बाकाखाली वाकून फरशी पुसत होती.

"वयनी, सून असताना तुम्ही काऊन पुसून राह्यल्या?"

"पाय उचल," ती म्हणाली. "ह्याच्यावर पाय देऊ नको."