सांडवा कुणाकडे?

केशोरीच्या तलावाच्या नव्यानं बांधलेल्या पाळीवर समितीची बैठक भरली. रेणू मागे, लिंबाखाली बसली होती. गेल्या पावसाळ्यात तलावाचं जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यात काटक्या अडकून पाणी तुंबलं, पाळ फुटली आणि ती पाहायला गेलेले रेणूचे बाबा वाहून गेले. सांडवा साफ करायचं काम देवचंद आणि शालीकराम या दोघांना दिलेलं होतं.

"मले वाटलं, शालीकरामनं केलं असन," देवचंद वर्षभर हेच सांगत होता. शालीकरामही तेच सांगे, फक्त नाव बदलून. दोघंही खोटं बोलत नव्हते, म्हणून तिला धड रागही धरता येत नव्हता.

अध्यक्ष इंद्रकुमार म्हणाले, "यंदाही दोघं मिळूनच पाहा. एक विसरला तर दुसरा आहेच."

"काका," रेणू उठली, "याच भरवशावर माझे बाबा गेले. एकाचंच नाव घ्या. तो बोलावेल तेव्हा दुसऱ्यानं हात लावायचा. काम झालं की त्यानंच इथं येऊन सांगायचं. नाही झालं, तरी त्यानंच."

"पोरगी लय बोलून राहिली," कुणीतरी पुटपुटलं. शालीकराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"माझं नाव घ्या," शेवटी देवचंद म्हणाला. "शालीकराम, परवा कोयता घेऊन ये. मी बोलावून राहिलो."

रेणूनं मान डोलावली. बाबा असते, तर देवचंदला चहाला घेऊन गेले असते. ती एकटीच घरी गेली.