वाकडं सीताफळ

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या मुलाने सातव्या वर्षी अंगणात सीताफळाची बी पेरली. दीड महिन्याने कोंब आला, चार वर्षांनी फुलं आली आणि सगळी गळली. पुढच्या वर्षीही तेच! पेंटर वैतागला. "नुसती जागा अडवलीय. तोडून टाकू."

"थांबा ना बाबा," म्हणत पोरगं फुलांपाशी ठाण मांडून बसलं. मग त्याला उमगलं, की फूल आधी जरासं उघडतं तेव्हा मादी असतं. पराग सुटतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पण तोवर मादीची वेळ टळलेली असते.

पुढच्या हंगामात त्याने बाबांचा सगळ्यात बारीक ब्रश गुपचूप उचलला. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग डबीत झाडून घेतले आणि सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांत ते ब्रशने फिरवले.

एकच फळ धरलं, तेही एकीकडे फुगलेलं, दुसरीकडे चपटं.

"या बाजूला ब्रश नीट फिरला नाही," लपवलेला ब्रश पुढे करत पोरगं खजील होऊन म्हणालं.

जन्मभर दुसऱ्यांच्या हाताला नावं ठेवणाऱ्या पेंटरने फळ कितीतरी वेळ निरखलं. मग कुणाला हातही लावू न दिलेला तो ब्रश पोराच्या खिशात खोचला.

"ठेव तुझ्याकडे. पाट्या काय, जाड ब्रशनेही होतात."