टाळूचा वास

मूठभर सुका जवळा घेऊन काशीबाय ती मूठ नाकाशी नेई तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटत, कपाळावरच्या रेषा सैल पडत, आणि चैत्राच्या उन्हात पांढराफटक पडलेला वाशीचा खाडीकाठ क्षणभर तिच्यासाठी खोळंबल्यासारखा वाटे. एकच दीर्घ श्वास, मग उघडलेली मूठ आणि एका शब्दात निकाल. कुबट म्हणजे ओल राहिली आहे, अजून दोन उन्हं द्या. खवट म्हणजे अंगचं तेल बिघडलं, लगेच खाऊन संपवा. कुजट म्हणजे माडाच्या बुडाशी टाका. पावसाळ्याची साठवण डब्यांत भरण्याआधी कोळीवाड्यातल्या बायका आपापल्या टोपल्या तिच्या ओटीवर आणत, आणि तिने मान हलवल्याशिवाय कुणाच्या डब्याला झाकण लागत नसे.

मी घाटावरचा. वाशीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि तिच्याच घरात मागच्या खोलीत राहिलो. संस्कृतचा मला भारी अभिमान. मर्दनातून उठतो तो परिमल आणि दूरवर पसरतो तो आमोद, हे मला मुखोद्गत होतं, पण खाडीवरून आलेल्या पहिल्याच झुळकीला मी नाकाला धोतर लावून "काय ही घाण!" म्हणालो. काशीबाय जाळं सोडवत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोनती?"

मी नुसता खाडीकडे हात केला. "घान काय एक असते, गुरजी?" ती म्हणाली. "ह्यो चिखलाचा हाय. त्यो वालत घातलेल्या बोंबलाचा. नि त्यो तिकरचा, त्यो तुमच्या घामट सदऱ्याचा."

त्या दिवसापासून मी वासांचे शब्द वहीत टिपू लागलो. मिठागराच्या कचेरीतला गुजराती मुनीम फुलांच्या सुवासाला 'फोरम' आणि शिजत्या अन्नाच्या वासाला 'सोडम' म्हणे, आणि ते म्हणताना त्याच्या तोंडाला पाणी सुटे. तिथल्याच तमिळ कारकुनाने 'मणम्' सांगितला. शिवाय आज ते दुर्गंधाला वापरतात तो 'नाट्रम्' एके काळी सुगंधालाही चालत असे, हेही सांगितलं. बिचाऱ्या शब्दाची अब्रू वाटेत कुठे गेली, कोण जाणे. माझ्या मराठीतही संपत्ती काही कमी नव्हती. भाजलेल्या दाण्यांचा वास खमंग, पोळीच्या कडेचा खरपूस, तळाला लागलेल्या भाताचा करपट. वास दरवळतो, घमघमतो, कोंदतो, आणि नकोसा झाला की मारतो.

तरीही वही भरत गेली तसा मी अस्वस्थ होत गेलो. जुन्या तर्कशास्त्राने रंगाचे सात प्रकार सांगितले, चवीचे सहा. गंधाचे मात्र दोनच, सुरभि आणि असुरभि, म्हणजे हवासा आणि नकोसा. रंग वस्तूपासून सोडवून वेगळा उभा करता येतो. लाल म्हटलं की कुंकू समोर असावं लागत नाही. वास मात्र कायम कुणाचा तरी असतो, नाहीतर तो आंबट-गोड असे जिभेचे शब्द उसने घेतो. तो आधी काळजात पोहोचतो आणि शब्द मागाहून धापा टाकत येतो. हे मी वहीत मोठ्या ऐटीत लिहिलं, पण मला खरं कळलं ते काशीबायचा वास गेला तेव्हा.

एका माघात गावात तापाची साथ आली. काशीबाय त्यातून उठली, पण चुलीवर भात जळून कोळसा झाला तरी ती शेजारीच शांत बसून राहिली. तिने कुणाला सांगितलं नाही. चैत्रात टोपल्या येऊ लागल्या तेव्हा मला मागच्या अंगणात बोलावून हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी हुंगा. मना सांगा. मी भायेर सांगन."

असा मी तिचं नाक झालो. दोन-तीन टोपल्या हुंगल्या की सगळं एकसारखंच लागे. नाक सरावतं नि गप्प बसतं. मग ती मला स्वतःचं मनगट हुंगायला लावी, वाऱ्यावर उभं करी आणि पुन्हा बसवी. पण शेजारच्या बाळूबायच्या बोंबलांशी मी अडलो. काहीतरी तीव्र नाकात चढलं आणि मी म्हणालो, "उग्र."

नीट सुकलेला बोंबीलही उग्रच असतो. तिने मान हलवली, झाकण लागलं. उग्र हा शब्द वास किती आहे ते सांगतो, कसला आहे ते सांगत नाही, हे मला आषाढात समजलं. बाळूबायने डबा उघडला तेव्हा सगळा माल आतून कुजलेला होता, आणि होड्या किनाऱ्याला ओढलेल्या त्या दिवसांत तिच्या घरी कालवणाला काही उरलं नव्हतं. काशीबायने स्वतःचा डबा उचलून तिच्या दारात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माजा वास गेलाय." माझं नाव तिने घेतलं नाही. मला फार लाज वाटली. पुढच्या चैत्रात तिच्या ओटीवर एकही टोपली आली नाही.

बाळूबायचा माल कुजला त्याच पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या सुनेला मुलगी झाली. नातवंडाची टाळू पहिल्यांदा आजीने हुंगायची, अशी त्या घरची रीत. मस्तक हुंगून आशीर्वाद देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पाचवीच्या दिवशी काशीबायने बाळ उचललं, टाळूशी नाक टेकवलं, श्वास घेतला, आणि तिचा चेहरा कोराच राहिला. बायकांनी नजर दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळ घेऊन माझ्या दारात आली.

"सांगा," ती म्हणाली.

मी भ्यालो. माझ्या एका शब्दाने एका घराची पावसाळ्याची साठवण कुजली होती. टाळूशी वाकलो तेव्हा परिमल, फोरम, मणम् सगळे आठवले आणि एकही लागू पडेना. "मला नाही सांगता येत, काशीबाय."

"मी इचारतंय, तुमी फकस्त हो-नाय सांगा. आंबूस हाय?"

"थोडासा. पण ताकासारखा नाही."

"दूध सुकल्यावानी?"

"हो."

"धुरीचा ओवा लागतो?"

"केसांच्या टोकांना. टाळूवर नाही."

तिने बाळाची टाळू माझ्याकडे वळवली. मग अगदी हळू म्हणाली, "टालूवर कोवल्या ताडगोल्याचं पानी हाय का? बगा नीट."

मी पुन्हा वाकलो. होतं. कोवळं, थंड, गोड म्हणावं इतकंही गोड नसलेलं. ती म्हणेपर्यंत मला ते जाणवलंच नव्हतं.

"हाय," मी तिच्याच बोलीत म्हणालो.

"मंग माज्या किसनाचाच हाय," ती म्हणाली. किसन तिचा मुलगा, बाळाचा बाप. "त्याचाबी असाच येत व्हता." आणि तिने बाळ पुन्हा उचललं, श्वास भरून घेतला आणि तो सोडेचना. तिचा चेहरा आता कोरा नव्हता. मी तोंड फिरवून रडलो.

शब्द वास पोहोचवत नाही, हे मी तेव्हा शिकलो. ज्याने तो वास एकदा घेतला आहे त्याच्या आत तो जागा करावा, एवढंच शब्दाच्या हाती असतं. पुढे माझी बदली झाली. जाताना काशीबायने मला जवळ घेतलं, आणि तो तिचा शेवटचा सहवास. आज त्या मिठागरांवर रस्ते आहेत, आणि ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या मिठीत तिचा वास कसा होता ते मला आठवतं, पण सांगता येत नाही. आणि एकेक प्रश्न विचारत तो माझ्याकडून वदवून घेणारी ती एकटीच होती.